गिव्हअवेच्या मजकुराचे संपादन : एका वाचनकट्ट्याचा अनुभव

समाजमाध्यमांवर एखादी संस्था किंवा व्यक्ती काही वस्तू विनामूल्य देऊ करते आणि त्यासाठी लोकांकडून साधी कृती किंवा उत्तर मागवते, त्या प्रकाराला गिव्हअवे म्हणतात. पुण्यातील एका वाचनकट्ट्याने फेसबुकवर असाच एक गिव्हअवे योजला होता आणि त्याचा मजकूर प्रसिद्धीपूर्वी तपासण्याचे काम प्रस्तुत लेखिकेकडे आले होते. कामाचे स्वरूप प्रथमदर्शनी शुद्धलेखनापुरते वाटत असले, तरी मजकुरातील बहुतेक धूसर वाक्यांमागे भाषेचा दोष नसून आयोजकांनी अद्याप न घेतलेला एखादा निर्णय आहे, आणि तो निर्णय झाल्याखेरीज कोणत्याही शब्दयोजनेने वाक्य स्पष्ट होणार नाही, हे तपासणीच्या पहिल्याच फेरीत दिसून आले.

मूळ मजकुराचा आशय असा होता : कट्ट्याचे पान फॉलो करा, पोस्ट शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा आणि आवडता दिवाळी अंक कोणता ते लिहा, सर्वोत्तम उत्तरांतून लकी ड्रॉने पाच भाग्यवान विजेते निवडले जातील, अंतिम मुदत 15 ऑक्टोबर, मध्यरात्र, दिवाळी अंकांचा संच घरपोच, नियम व अटी लागू. यातील शेवटचे चार शब्द सर्वांत आधी काढावे लागले, कारण लागू असलेले नियम कोणीही लिहिलेले नव्हते.

सर्वाधिक चर्चा विजेत्यांच्या निवडीवर झाली. ‘सर्वोत्तम’ म्हटले की गुणवत्ता आली, परीक्षक आले आणि निकष आले. ‘लकी ड्रॉ’ म्हटले की सोडत आली, म्हणजे ज्यात उत्तराच्या दर्जाला काही स्थान नाही अशी निव्वळ योगायोगावर सोपवलेली निवड. या दोन्ही पद्धती एका वाक्यात नांदत असल्या, की मेहनतीने दहा ओळी लिहिणाऱ्यास आपण चिठ्ठीवर हरलो असे वाटते आणि एका शब्दात उत्तर देणाऱ्यास आपल्याला परीक्षकांनी डावलले असे वाटते. आयोजकांना परीक्षक नेमायचे नव्हते, त्यामुळे सोडत ठरली. मात्र त्यातूनच पुढचा प्रश्न निघाला, तो असा की सोडतीत क्रमांक कशाला द्यायचा, उत्तराला की माणसाला? एकाच व्यक्तीने सात उत्तरे लिहिली आणि प्रत्येक उत्तराला क्रमांक दिला, तर तिची संधी सातपट होते. अखेर ‘एका व्यक्तीची एकच नोंद, अधिक उत्तरे असल्यास पहिलेच धरले जाईल’ असे ठरले.

प्रत्यक्ष सोडतीची रीतही ठरवणे भाग होते. मुदत संपल्यावर नोंदींची यादी गूगल शीट्समध्ये उतरवायची, दुबार नावे गाळायची, वेळेच्या क्रमाने क्रमांक द्यायचे आणि ही क्रमवारी सोडतीच्या आदल्या दिवशी पोस्टखाली प्रसिद्ध करायची, असे ठरले. यादी आधी जाहीर झाली, की क्रमांक मागाहून फिरवल्याच्या शंकेला जागा उरत नाही. समजा यादीत 140 नोंदी आहेत, तर यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम किंवा कल नसलेली संख्या मिळवण्यासाठी पुढील सूत्र पुरते :

```
=RANDBETWEEN(1,140)
```

या सूत्राची एक खोड अशी, की पत्रकात कोठेही काही बदलले तरी ते नवी संख्या देते, आणि विजेत्याचे नाव टंकित करताच विजयी क्रमांक डोळ्यांदेखत बदललेला दिसतो. म्हणून आलेली संख्या त्याच क्षणी कागदावर लिहून घ्यावी लागते, आणि हे काम दोन सदस्यांसमक्ष करावे असे आयोजकांनी ठरवले. आठ वेगळ्या संख्या निघेपर्यंत सोडत करायची, पहिले पाच विजेते आणि पुढचे तीन त्याच क्रमाने राखीव, पुनरावृत्त संख्या सोडून द्यायची. हे सारे मजकुरात दोन वाक्यांत मावले.

शेअर करण्याची आणि मित्रांना टॅग करण्याची अट वगळावी लागली. फेसबुकच्या जाहीर नियमांनुसार अशा योजनेत सहभागासाठी स्वतःच्या भिंतीवर शेअर करणे किंवा मित्रांना टॅग करणे ही अट घालता येत नाही. शिवाय ज्याने शेअर केलेली पोस्ट केवळ मित्रांपुरती मर्यादित ठेवली आहे त्याने अट पाळली की नाही हे आयोजकांना दिसतच नाही, आणि तपासता न येणारी अट ही अट म्हणून निरुपयोगी असते. या योजनेशी फेसबुकचा संबंध नाही, हे वाक्यही त्याच नियमांमुळे जोडले गेले.

मुदतीबाबत आयोजकांमध्येच मतभेद निघाले. 15 ऑक्टोबरची मध्यरात्र म्हणजे चौदा तारीख संपते तो क्षण, असे एकाचे म्हणणे होते, तर पंधरा तारीख संपते तो, असे दुसऱ्याचे. फरक अख्ख्या एका दिवसाचा होता. ‘बुधवार, 15 ऑक्टोबर, रात्री 11.59, भारतीय प्रमाणवेळ’ असे लिहिल्यावर तो मिटला, कारण वार आणि मिनिट दोन्ही आले. कट्ट्याचे काही वाचक दुबईत आणि न्यू जर्सीत असल्याने त्यांच्यासाठी हीच वेळ अनुक्रमे रात्री 10.29 आणि दुपारी 2.29 असल्याचे वेगळे नमूद केले गेले. निकालाची तारीख मूळ मजकुरात नव्हतीच. ही उणीव केवळ सौजन्याची नाही; ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, तीत विनामूल्य बक्षिसांच्या योजनेचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवणे याचाही समावेश आहे. वाचनकट्टा काही विकत नव्हता. परंतु एखादे दुकान विक्री वाढवण्यासाठी सोडत काढू पाहत असेल, तर त्याच व्याख्येत अशा स्पर्धा आणि सोडतीही येत असल्याने, मजकूर लिहिण्याआधी त्याने वकिलाचा सल्ला घेणे इष्ट.

परदेशस्थ वाचकांचा उल्लेख झाल्यावर पात्रतेचा प्रश्न आपोआप पुढे आला. परदेशी टपालाचा खर्च संचाच्या किमतीहून अधिक होण्याची शक्यता होती, आणि तरीही त्या वाचकांना वगळणे आयोजकांना रुचत नव्हते. यावर निघालेला तोडगा असा, की सहभागी कोठेही राहत असला तरी चालेल, पण संच भारतातील पत्त्यावरच पाठवला जाईल. तो पत्ता नातेवाइकाचा असू शकेल. सहभागीचे वय 18 पूर्ण असावे आणि कट्ट्याच्या आयोजकांनी व त्यांच्या घरच्यांनी भाग घेऊ नये, या दोन अटींवर मात्र कोणाचेच दुमत नव्हते.

‘घरपोच’ या शब्दात खर्च कोणाचा, हे दडलेले होते. सुधारित मजकुरात संचातील पाचही अंकांची नावे दिली गेली. निकालानंतर तीन दिवसांत विजेत्याने पत्ता व पिनकोड न कळवल्यास संच राखीव यादीतील पुढच्या व्यक्तीकडे जाईल, असे सांगितले गेले. आणि पत्ता मिळाल्यापासून सात दिवसांत कट्ट्याच्या खर्चाने स्पीड पोस्टने तो रवाना होऊन त्याचा माग क्रमांक विजेत्यास कळवला जाईल, असे लिहिले गेले. संच ‘पोहोचेल’ असे न लिहिता ‘रवाना होईल’ असे मुद्दाम लिहिले, कारण टपालाच्या वेगाची हमी आयोजक देऊ शकत नव्हते.

अखेरीस एक सूचना ठळक अक्षरांत घातली गेली. निकाल जाहीर होताच पानाच्या नावाशी आणि चित्राशी हुबेहूब जुळणारी बनावट खाती सहभागींना ‘तुम्ही जिंकलात’ असे कळवून कुरिअर शुल्काच्या नावाखाली पैसे उकळतात, हा प्रकार आता सर्रास चालतो. त्यामुळे विजेत्यांची नावे फक्त मूळ पोस्टखाली जाहीर होतील, विजेत्याने स्वतः पानाला संदेश पाठवावा, कट्टा कोणालाही आधी संदेश पाठवणार नाही आणि पैसे, ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीही मागणार नाही, असे त्या सूचनेत म्हटले होते. एका आयोजकाला हे रूक्ष वाटले आणि त्याने ती सूचना तळाशी नेण्याचा आग्रह धरला. इतरांनी ती बक्षिसाच्या वर्णनाला लागूनच, पहिल्या परिच्छेदात ठेवली.