अस्वलाच्या गळ्याला पट्टी

सईचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढायचे ठरले तेव्हा ती पाच वर्षांची होती. रात्री घोरता घोरता मध्येच तिचा श्वास अडायचा आणि ती दचकून उठायची. तारीख मिळाली आणि घरात चर्चा सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "तिला कशाला सांगतेस? फिरायला नेतोय म्हण." पण मला ते पटेना. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर तिला खरं कळणारच होतं, आणि त्यानंतर तिथे माझ्या कुठल्याच शब्दावर तिचा विश्वास बसला नसता.

बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "या वयाला चार-पाच दिवस आधी सांगा. फार आधी सांगितलंत तर मूल रोज काळजी करत बसतं, आदल्या रात्री सांगितलंत तर प्रश्न विचारायलाच वेळ मिळत नाही." त्याप्रमाणे सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि खेळायला गेली. मला वाटलं, समजलं.

तिला काय समजलं होतं, ते खेळातून कळलं. भूलतज्ज्ञांकडे तपासणीला गेलो तेव्हा मी त्यांच्याकडून भुलीचा एक जुना मास्क मागून आणला होता. तो, सुई नसलेली एक सिरिंज आणि थोडी पट्टी असं तिच्यासमोर ठेवलं. 'असं कर, तसं कर' म्हटलं नाही, नुसती शेजारी बसून राहिले. तिने आपल्या खेळण्यातल्या अस्वलाला झोपवलं, गळ्याभोवती पट्टी करकचून बांधली आणि दरडावलं, "कुल्फी खाल्लीस ना? आता भोग!"

म्हणजे गळा बाहेरून चिरणार, आणि तोही कुल्फी खाल्ल्याची शिक्षा म्हणून! 'थंड खाऊ नकोस, टॉन्सिल वाढतील' हे घरात सगळेच म्हणायचे, आणि तिने त्याचा सरळ अर्थ लावला होता. त्या वयात मुलांना आपल्या वागण्यामुळेच सगळं घडतं असं वाटतं. मी अस्वलालाच समजावलं, "हे कुणाच्या चुकीमुळे झालेलं नाही. डॉक्टर तोंडातूनच टॉन्सिल काढतात, गळ्यावर काही करत नाहीत." सईने पट्टी सोडली.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. "मध्येच जाग आली तर?" याला 'छान झोप लागेल' हे उत्तर पुरेसं नव्हतं. मी सांगितलं, "ही रोजची झोप नाही. ही औषधाची झोप. कुणी हलवलं तरी जाग येत नाही, म्हणून दुखतही नाही. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ तुझ्याजवळ असतील. औषध थांबवलं की तू उठशील." "दुखेल?" "उठल्यावर घसा दुखेल, गिळताना जास्त. कानातही दुखेल. औषध घेतलं की कमी होईल, पण काही दिवस दुखेल."

मास्कचा सराव मात्र रोज केला. आधी अस्वलाला, मग मला, शेवटी तिने स्वतःच्या तोंडावर धरला. सोबत साबणाचे फुगे होते. हळूहळू, लांब फुंकर मारली तरच मोठा फुगा होतो, हे तिला जमायला लागलं.

ऑपरेशनच्या दिवशी सलाईनची सुई लावण्याच्या तासभर आधी सिस्टरांनी तिच्या दोन्ही हातांना बधिर करणारं मलम लावलं. मी तिला "सुई लावायची का?" असं विचारलं नाही, कारण 'नको' म्हटलं असतं तरी लावावी लागणारच होती. "डाव्या हाताला की उजव्या?" एवढंच विचारलं. तिने डावा हात पुढे केला आणि फुंकर मारत राहिली. थोडी रडली. मी तिला रडू दिलं.

या तयारीने सगळंच सोपं झालं नाही. भुलीतून बाहेर येताना ती किंचाळत होती, लाथा मारत होती, मला ओळखतही नव्हती. लहान मुलांचं असं होऊ शकतं, हे भूलतज्ज्ञांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी तग धरला. सिस्टरांनी सलाईनचा हात धरून ठेवला आणि अर्ध्या तासात ती शांत झाली. नंतर तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. घरी आल्यावर काही रात्री अंथरूण ओलं झालं, मला ती सोडेना. अस्वलाचं ऑपरेशनही पुन्हा पुन्हा व्हायचं. आम्ही ते होऊ दिलं, आणि हळूहळू सगळं निवळलं. घसा दुखायचा तेव्हा मात्र ती स्वतःच म्हणायची, "तू सांगितलं होतंस." आणि औषध घ्यायची.

तुमच्या मुलाचं ऑपरेशन ठरलं असेल तर दोन गोष्टी करा. "काही दुखणार नाही" असं सांगू नका. आणि समजावण्याआधी एक बाहुली आणि पट्टी देऊन, मूल काय खेळतं ते गप्प बसून बघा.