सोपं, पण कोणाला?

मराठी पानासाठी उन्हाळ्यातल्या कवायतीबद्दल 'सोप्या शब्दांत' दोन ओळी लिही, असं सर म्हणाले. कोणासाठी, ते मी विचारलंच नाही. लिहिलं: "घशाला शोष पडला, घेरी आली, तर सावलीत बसा. शिक्षा होणार नाही."

फोनवर आजीला वाचून दाखवलं. तिला सगळं कळलं. दिल्लीतच वाढलेला धाकटा भाऊ मात्र 'घेरी'ला अडला. त्याला 'चक्कर' हवी होती.

माझ्याकडून मराठी शिकणारा बिहारचा मित्र 'शोष'पाशी थांबला. 'निर्जलीकरण' म्हटल्यावर त्याला लगेच कळलं, कारण तो शब्द हिंदीतही आहे. आजीला तोच डोंगराएवढा!

खरी गडबड 'शिक्षा'ची. तिथे तो अडलाच नाही. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, म्हणून त्याने अर्थ लावला: सावलीत बसलात तर शिकवणार नाहीत. अडलेला शब्द मुलं निदान विचारतात. हा कोणी विचारलाच नसता, आणि चक्कर आलेला मुलगा उन्हातच उभा राहिला असता.

शेवटी सरांना विचारलं. म्हणाले, "नवी मुलं वाचतील, बरीचशी हिंदी बोलणारी." मग लिहिलं: "चक्कर आली तर सावलीत बसा. सजा मिळणार नाही."

आजी म्हणाली, "सजा? तुरुंगात आहेस का रे?"