बाबांची पत्र्याची पेटी

बाबांची तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि ओसरीच्या कोपऱ्यात त्यांची पत्र्याची पेटी तेवढी उरली. आई म्हणाली, "तूच उघड माय, मले त्यातलं काही समजत नाही."

रिसोड तालुक्यातलं आमचं लहानसं गाव. बाबा सुतारकाम करायचे, पण आजूबाजूच्या भजनी मंडळांचे मृदंगही तेच मढवून द्यायचे. त्याचे पैसे त्यांनी कधी ठरवून घेतले नाहीत. आईचा त्यावर राग होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

पेटीत वर लहान हातोडी होती. तिची ओळख पटायला वेळ लागला नाही. मृदंगाच्या उजव्या तोंडाभोवती चामड्याचा वेणीसारखा गजरा असतो. त्यावर शाईच्या बाजूनं हलकेच ठोकलं की स्वर चढतो, उलट बाजूनं ठोकलं की उतरतो. हे थोड्या फरकासाठी. स्वर फारच उतरला असला तर वादीखालचे लाकडी गट्टे सरकवायचे. गट्टा खोडाच्या फुगीर भागाकडे गेला की वादी ताणली जाते. पेटीत जाडबारीक गट्ट्यांची एक थैलीच निघाली. जुनी वादी सैल पडली की बाबा बारीक गट्टा काढून जाड घालायचे.

थैलीखाली गुळगुळीत काळा दगड होता. लहानपणी मी तो भातुकलीत वरवंटा म्हणून घेतला होता आणि बाबा माझ्यावर ओरडले होते. तेव्हा कळलं नाही. शाई म्हणजे लोखंडाची बारीक पूड आणि भाताची खळ. तिचा पातळ थर बोटानं लावायचा आणि तो वाळता वाळता या दगडानं घोटायचा. मग दुसरा, मग तिसरा. घोटताना शाईत केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात. भेगांमुळे शाई पानाबरोबर हलते. घाईनं जाड थर दिला तर ती कडक होते आणि पुढे खपलीसारखी सुटते. दगडाच्या एका कडेला खोलगट खूण होती. माझा अंगठा तिथं ठेवून पाहिला, तो लहान पडला.

पितळी चमचा मात्र स्वयंपाकघरातला. डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. भजन झालं की ती काढलीच पाहिजे, नाहीतर वाळून चामडं ओढते आणि उंदीर येतात ते वेगळेच. बाबा त्या चमच्याच्या बोथट कडेनं ती खरवडायचे. चमचा हरवल्याचं खापर आई दहा वर्षं माझ्यावर फोडत होती!

तळाशी सुतळीचा एक तुकडा निघाला. त्याला चार गाठी, चारही वेगवेगळ्या अंतरावर. हे काय, ते मला उमगेना. टाकून द्यावा असंही वाटलं.

आठवड्यानं देवळातले विणेकरी मृदंग घेऊन आले. शेगावची पालखी मेडशी, शिरपूर करत रिसोडकडे यायची होती. पहिला पाऊस पडून गेला होता. दमट हवेनं चामडं सैलावतं. "बाई, बाबाची हातोडी तं आहे ना? पेटीच्या सुरात येऊन नाही राहिला," ते म्हणाले.

मी बाबा करायचे तसं बोटानं गजऱ्यालगत सगळीकडे वाजवून पाहिलं. एका घराचा आवाज इतरांपेक्षा खाली होता. तिथं ठोकलं, मग बरोबर समोरच्या घरावर, कारण एकाच बाजूनं ठोकत गेलं तर पान तिरपं ओढलं जातं. बऱ्याच वेळानं स्वर सगळीकडे सारखा झाला. तरी मधे वाजवलं की फरफर येतच होती. उजेडात धरून पाहिलं तर शाईची एक खपली कडेनं उचलली होती. ते काम हातोडीचं नाही. शाई भरणं बाबांचा हात होता, माझा नाही, आणि तसं मी सांगून टाकलं.

"मंग नवीन पानच घ्या लागते," ते म्हणाले. "बाबा पंढरपुरातून आणत. मृदंग कधी संगं नेला नाही त्यायनं. माप कसं घेत, कोणास ठाऊक."

मी उठून सुतळी आणली. एक टोक मृदंगाच्या तोंडाच्या एका काठावर धरलं, मधून ताणून दुसऱ्या काठापर्यंत नेली. तिसरी गाठ नेमकी काठावर आली.

विणेकऱ्यांनी सुतळी डोळ्याला लावली आणि टोपीत खोचली. म्हणाले, "वारीहून आल्यावर वापस देतो."

बाकीच्या तीन गाठी कोणत्या गावच्या, हे शोधायचं अजून राहिलं आहे.