हसणाऱ्याचा हेतू आणि तक्रारीचा कागद

कचेरीत तोतरं बोलणाऱ्या सहकाऱ्याची नक्कल झाली आणि त्याने तक्रार केली, की वरिष्ठांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : "अहो, पण त्याचा तसा हेतू होता का?" नक्कल करणारा म्हणतो, गंमत केली. आजूबाजूचे माना डोलावतात. मनातला हेतू कुणी कसा दाखवायचा? तक्रार तिथेच विरून जाते. मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. नोकरी करणारी प्रौढ माणसं माझ्याकडे बोलण्यासाठी येतात, आणि पुष्कळदा सोबत अशा फसलेल्या तक्रारीचा कागदही असतो. ते कागद वाचून माझं ठाम मत झालं आहे, की कचेरीतल्या तक्रारीत हेतूच्या वादात शिरू नये. नकलेने काम कुठे अडलं आणि माणूस कुठून बाजूला पडला, ते लिहावं.

त्यासाठी आधी तोतरेपणा कसा चालतो ते पाहू. काही वेळा अक्षर पुन्हा पुन्हा येतं, काही वेळा ते ताणलं जातं, आणि काही वेळा तोंड उघडं असूनही आवाजच फुटत नाही. हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त दमवतो. एकच माणूस घरच्या मांजराशी किंवा लहान मुलाशी सहज बोलतो, सगळ्यांबरोबर आरती अडखळल्याशिवाय म्हणतो, आणि फोनवर स्वतःचं नाव सांगताना मात्र अडकतो. घाई, फोन, मध्येच तोडणारं कुणी, आणि जे बदलून चालणार नाहीत असे शब्द, म्हणजे नाव, आकडा, ग्राहकाचं आडनाव, हे सगळं त्रास वाढवतं. "काल तर नीट बोलत होता, आज काय झालं?" या संशयाचं मूळ या चढउतारात आहे. तो ढोंग करत नसतो. तोतरेपणा असाच असतो.

आता एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन जणांचे अनुभव एकत्र केले आहेत. पुण्याजवळच्या एका खासगी कंपनीत, लेखा विभागात, एक तरुण काम करतो. दर सोमवारच्या आढावा बैठकीत थकीत येण्यांचे आकडे सांगणं हे त्याचं काम. तो "पेमेंट"वर अडकला, की समोरचा एक सहकारी "प-प-प" करून तो शब्द पुरा करायचा. खोलीत हशा पिकायचा. मॅनेजरही हसायचे. पुढे विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचं नाव "बफरिंग" पडलं. काही आठवड्यांनी मॅनेजर त्याला म्हणाले, "अरे, तुला उगाच त्रास नको, आकडे आता दुसरा कुणी सांगेल." ते हे मायेने म्हणाले असतील. पण त्या दिवसापासून वरिष्ठांसमोर उभं राहण्याची आठवड्यातली एकमेव संधी त्याच्या हातून गेली.

त्याची पहिली तक्रार तीन वाक्यांची होती : माझा सतत अपमान होतो, सगळे हसतात, मला काम करणं अशक्य झालं आहे. एचआरने दोघांना समोरासमोर बसवलं, हात मिळवायला लावले आणि विषय मिटला असं धरलं. पुढे महिनाभर बैठकीत कुणी नक्कल केली नाही, म्हणून समज कामी आली असं एचआरला वाटलं. खरी गोष्ट वेगळी होती. नक्कल करायला तो बोलतच नव्हता. विचारलं तर "मेलवर पाठवतो" म्हणायचा, "पेमेंट" टाळून "रक्कम" म्हणायचा, ग्राहकाला फोन करण्याऐवजी संदेश पाठवायचा.

हे आम्हाला पुष्कळदा दिसतं आणि बाहेरच्या माणसाला जवळजवळ कधीच दिसत नाही. चेष्टेनंतर तोतरेपणा कमी झालेला दिसतो, कारण माणूस कमी बोलतो आणि अवघड शब्द चुकवत जातो. ओळखायचं कसं? फोन कमी झाले का, बैठकीत हात वर होणं थांबलं का, एक शब्द टाळायला तो वाक्य वळवून नेतो का, हे पाहावं. त्याच्या कामाच्या नोंदींत ते सापडतं.

दुसरी तक्रार आम्ही याच नोंदींवर उभी केली. तिच्यात "अपमान" हा शब्द एकदाही नव्हता. पहिल्या भागात तीन प्रसंग होते. प्रत्येकाची तारीख, वेळ, जागा, कुणी काय केलं ते जसंच्या तसं, म्हणजे "चिडवलं" असं मोघम न लिहिता उच्चारलेला शब्द, आणि हजर असलेल्यांची नावं. व्हॉट्सॲपवरच्या संदेशांचे तारखेसह स्क्रीनशॉट जोडले आणि मूळ संदेश फोनमधून पुसायचे नाहीत असं ठरवलं. दुसऱ्या भागात परिणाम : अमुक तारखेपर्यंत बैठकीत आकडे मी मांडत होतो, अमुक तारखेपासून ते काम काढून घेतलं, माझ्या कामात दोष असल्याचं कुणीही कळवलेलं नाही. तिसऱ्या भागात मागण्या होत्या : सादरीकरण परत द्यावं, माझं वाक्य दुसऱ्याने पूर्ण करू नये, बोलायला लागेल तेवढा वेळ द्यावा, गटावरचं टोपणनाव बंद व्हावं, तक्रार केली म्हणून माझ्या मूल्यमापनावर परिणाम होऊ नये, आणि उत्तर लेखी मिळावं. सोबत माझा एक पानी अहवाल होता : त्याचा तोतरेपणा कोणत्या परिस्थितीत वाढतो आणि कशाने हलका होतो.

परिणामावर एवढा भर देण्याचं कारण कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये भेदभावाची व्याख्या करताना हेतू "किंवा" परिणाम असं म्हटलं आहे. दिव्यांगत्वामुळे केलेला फरक, वगळणं किंवा घातलेलं बंधन यांमुळे माणसाला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता येत नसतील, तर तो भेदभाव. करणाऱ्याच्या मनात वाईट नसलं तरीही. "तुला त्रास नको" म्हणून काम काढून घेणं या व्याख्येजवळ जातं. "माझा हेतू चांगला होता" हे त्याला पुरेसं उत्तर नाही.

इथे एचआरने एक शंका काढली : प्रमाणपत्र कुठे आहे? ती पूर्ण निराधार नव्हती. अधिनियमाच्या परिशिष्टात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यातलं वाचा व भाषा दिव्यांगत्व हे सेंद्रिय किंवा मेंदूशी संबंधित कारणांनी आलेल्या कायमच्या दोषाबद्दल बोलतं, आणि लहानपणापासूनचा तोतरेपणा त्यात सहजी बसत नाही. पण ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आरक्षणासारख्या काही लाभांसाठी लागतं. भेदभावापासूनचं संरक्षण अधिक व्यापक व्याख्येतल्या माणसाला आहे : ज्याला दीर्घकाळचा दोष आहे आणि समाजातल्या अडथळ्यांमुळे ज्याचा सहभाग खुंटतो, तो. विकाश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली हा फरक स्पष्ट केला. अर्जदाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता, आणि लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही असं न्यायालयाने सांगितलं. तोतऱ्या माणसाच्या तक्रारीत हा निकाल उल्लेखावा.

कागद कुठे द्यायचा, हे नोकरी कुठली त्यावर ठरतं. खासगी आस्थापनेत वीस किंवा अधिक कर्मचारी असतील, तर तिच्या समान संधी धोरणात समन्वय अधिकाऱ्याची नेमणूक असायला हवी आणि ते धोरण संकेतस्थळावर किंवा कचेरीत दिसेल असं लावलेलं हवं. ते मागून घ्यावं, मेलने तक्रार करावी, पोच घ्यावी. सरकारी कचेरीत, महामंडळात किंवा सरकारी बँकेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. त्याने तक्रार नोंदवहीत घ्यायची असते आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हा समिती. आतली दारं बंद झाली, की महाराष्ट्रात पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे आणि केंद्राच्या कचेऱ्यांबाबत दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे जाता येतं. ते कागद आणि माणसं बोलावू शकतात. तिथल्या तक्रारीचा शेवट बहुधा शिफारशीत होतो आणि त्यावर काय केलं ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. शिफारस म्हणजे हुकूमनामा नव्हे, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पोलिसांचा मार्गही आहे आणि तिथे मात्र हेतू परत येतो. याच अधिनियमाच्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा, तिला हिणवण्याच्या उद्देशाने, लोकांच्या नजरेसमोर जाणूनबुजून अपमान करणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं आणि दंड. बंद खोलीतली बैठक "लोकांच्या नजरेसमोर" धरायची का, यावर वकील भांडणारच. थांबवायला सांगूनही पुन्हा पुन्हा केलेली नक्कल किंवा धमकी असेल तर हा मार्ग घ्यावा. पहिल्याच पावलाला तो घेतला, तर जे लिहून सुटलं असतं ते सिद्ध करत बसावं लागतं.

"बफरिंग"सारख्या नावाबद्दल "एवढं काय त्यात" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेत एका चित्रपटातल्या अशाच शब्दांना हरकत होती. तोतरं बोलणाऱ्यासाठी त्यात "अटकी हुई कॅसेट" म्हटलं होतं. ८ जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाविरुद्ध आदेश दिला नाही. पण दिव्यांगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद आणि दिव्यांगाला कमी लेखणारा विनोद, असा फरक मात्र केला. कचेरीतलं टोपणनाव कुणालाच काही समजावत नाही.

नक्कल फक्त तोतरेपणाचीच होते असं नाही. कमी ऐकू येणाऱ्याच्या तक्रारीत आणखी एक अडचण असते. त्याच्या पाठीमागे काय म्हटलं, मुद्दाम आवाज बंद करून नुसते ओठ कसे हलवले, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. चालण्याची नक्कल तर माणूस पुढे गेल्यावरच होते. अशा वेळी तक्रारीचा कणा पाहणाऱ्याच्या शब्दांचा असतो.

आमच्या प्रकरणातही तेच निर्णायक ठरलं. एचआरने विचारल्यावर खोलीतल्या आठांपैकी सात जणांना काही आठवेना. एका बाईंनी मात्र दोन ओळींचा मेल पाठवला : अमुक तारखेला अमुक यांनी नक्कल केली, मी समोर होते. नक्कल करणाऱ्याला लेखी ताकीद मिळाली आणि सोमवारचं सादरीकरण त्या तरुणाकडे परत आलं. मॅनेजरांनी चूक कबूल केली नाही, पण वाक्य तोडायचं नाही हा नियम बैठकीला लागू झाला. तुम्ही अशा खोलीत असाल, तर हसला नाहीत एवढ्याने तुमचं काम झालं असं समजू नका. त्याच दिवशी, तारीख घालून, त्या दोन ओळी लिहून ठेवा आणि त्या वापरायच्या का, हे ज्याची नक्कल झाली त्याला विचारा.