अक्षीच्या दगडावरची झीज

फोटो

अलिबागजवळच्या अक्षी गावातला शिलालेख वाचायला घेतला आहे. वर चंद्र-सूर्य आणि त्यांच्याखाली नागरी अक्षरांच्या ओळी. समोरून, भर दुपारी काढलेला फोटो पाहायला छान, पण वाचायला निरुपयोगी. खोदलेली रेघ तिच्या सावलीमुळे दिसते आणि समोरचा उजेड ती सावलीच पुसून टाकतो. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन हवं, नाहीतर अंधार पडल्यावर बाजूने धरलेली विजेरी.

एका बाजूचा उजेडही पुरत नाही. उजेड डावीकडून आला तर काना आणि उभे दांडे उठून दिसतात, पण शिरोरेषा लपते, कारण ती उजेडाच्याच दिशेने धावते. वरून आला तर नेमकं उलटं होतं. म्हणून एकाच ओळीचे चार बाजूंनी उजळलेले फोटो शेजारी ठेवून वाचावेत. एकाही फोटोत न दिसणारी रेघ वाचनात घेऊ नये.

खळगा की अनुस्वार

आपल्याकडचे बरेच लेख बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर आहेत. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे खळग्यांच्या रूपाने राहतात. असा खळगा नेमका अक्षरावर आला की तो अनुस्वार वाटतो आणि शब्दाचं रूपच बदलतं. तपासायचं असेल तर लेखाच्या कडेची कोरी जागा पाहावी. तिथेही तसेच खळगे असतील तर अक्षरावरच्या टिंबाबद्दल संशय धरायला हवा. छिन्नीच्या टिंबाची खोली आणि आकार लेखभर साधारण सारखे असतात, खळग्याची कड वेडीवाकडी असते.

रंग

कोणी भक्तिभावाने अक्षरांत शेंदूर किंवा ऑइलपेंट भरलेला असतो. असा फोटो फार सुवाच्य दिसतो आणि तोच सर्वांत धोक्याचा असतो. रंग भरणाऱ्याला जे अक्षर वाटलं तेच आपल्याला दिसतं, दगडातलं अक्षर रंगाखाली राहतं. खडूने गिरवलेल्या फोटोचंही तसंच. वाचन न गिरवलेल्या फोटोवरूनच करावं. शक्य असेल तिथे ओला कागद ब्रशने ठोकून घेतलेल्या शाईच्या ठशाशी ते ताडून पाहावं.

झीज दोन प्रकारची

कपचा उडाला की अख्खं अक्षर जातं, पण त्याची जागा उरते. किती अक्षरं गेली हे शेजारच्या अक्षरांच्या रुंदीवरून मोजता येतं. घासून झालेली झीज वेगळी असते. तिच्यात उथळ रेघा आधी जातात, बहुधा वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार, आणि खोल दांडे टिकून राहतात. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या लेखाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे. अशा दगडावर मूळ अक्षर बऱ्यापैकी ओळखता येतं, पण शब्दाची विभक्ती मात्र संशयातच राहते.

खुणा

प्रत करताना तीन खुणा काटेकोर पाळतो. अर्धवट दिसणारं किंवा संदर्भावरून भरलेलं अक्षर चौकोनी कंसात. पूर्ण गेलेल्या प्रत्येक अक्षरासाठी एक टिंब. दगडात नसलेला, पण भाषांतरात अर्थासाठी घातलेला शब्द गोल कंसात. पहिल्या दोन खुणा प्रतीतून भाषांतरातही उतरल्या पाहिजेत. भाषांतर सफाईदार झालं आणि कंस गळले, की वाचकाला दगड अभंग असल्यासारखं वाटतं.

अक्षीच्या लेखाची सुरुवातच पाहा. छापील वाचनात ती 'गी सुष संतु' अशी आहे. 'सुष' म्हणजे सुख. 'ख'च्या जागी 'ष' लिहिण्याची रीत जुन्या लेखनात सर्रास आहे. 'गी'च्या आधी 'ज' धरला की 'जगी सुख असो' असा अर्थ नीट लागतो. तरीही तो 'ज' मी कंसातच ठेवतो.

वर्ष

सगळ्यात जास्त भार वर्षावर आहे: 'सकु संवतु 934 प्रधावी सवसरे'. शकात 78 मिळवले की इ.स. 1012. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत अक्षीची गणना होते ती याच आकड्यामुळे. म्हणून आकड्यांना दुसरा साक्षीदार शोधायला हवा आणि तो शेजारीच आहे: संवत्सराचं नाव.

रीत सोपी आहे. शकात 12 मिळवा, 60 ने भागा आणि बाकी पाहा. 934 अधिक 12 म्हणजे 946. 60 ने भागून बाकी 46. प्रभवापासून मोजलं तर सेहेचाळिसावा संवत्सर परिधावी. दगडावर 'प्रधावी' आहे. पण 'श्री'चं 'स्री' आणि 'संवत्सरे'चं 'सवसरे' करणाऱ्या हाताकडून हे रूप अनपेक्षित नाही. वर्ष चुकीचं वाचलं असतं, तर साठ नावांतलं नेमकं हेच नाव योगायोगाने जुळणं अवघड होतं.

उलटतपासणी

लेखातला राजा आहे 'पसीम समुद्राधीपती स्री कोंकणा चक्रीवर्ती स्री केसीदेवराय'. उत्तर कोकणच्या शिलाहारांत केसीदेव दोन झाले. पहिला अरिकेसरी, ज्याचा शके 939 चा ठाण्याचा ताम्रपट आहे. दुसरा जवळजवळ दोनशे वर्षांनंतरचा, ज्याचा चौधरपाड्याचा लेख शके 1161 चा आहे. आकडे झिजलेले आहेत असं धरून लेख दुसऱ्याच्या काळात बसतो का, हे पाहायला हवं.

परिधावी दर साठ वर्षांनी येतो: शके 934, 994, 1054, 1114, 1174. शेवटची दोन वर्षं दुसऱ्या केसीदेवाच्या ज्ञात लेखांच्या काळाबाहेर पडतात. आता दुसरी शंका: 'ध' हा झिजलेला 'भ' असेल तर? मग संवत्सर प्रभव होतो आणि शके 1129 प्रभवच आहे. ही वाट अडचणीची आहे, म्हणून ती नीट तपासतो. प्रभवात शेवटच्या 'व'ला वेलांटी नाही आणि वाचनात ती आहे. शिवाय 1129 ला चार आकड्यांची जागा लागते, 934 ला तीनच पुरतात. म्हणजे शके 1129 धरायचं तर एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी दगड वेगळा वाचावा लागतो. झीज रेघ पुसते, पण वेलांटी नव्याने कोरत नाही. माझं मत शके 934 कडेच आहे.

भाषांतर

[ज]गी सुख असो. स्वस्ति. पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकणचा चक्रवर्ती श्री केसीदेवराय (राज्य करत असताना), महाप्रधान भइर्जु सेणुई याच्या काळी, शक संवत 934, परिधावी संवत्सर, अधिक (महिन्याच्या) कृष्णपक्षात, शुक्रवारी, भइर्जुने बोडणासाठी नऊ कुवली (धान्य नेमून दिलं) …

'धान्य' आणि 'नेमून दिलं' दगडात नाहीत. कुवली हे धान्याचं माप आणि बोडण हा देवीचा विधी. कोकणात तो आजही होतो. पुढे महालक्ष्मीचं नाव आहे, म्हणून हे दान देवीच्या बोडणाचं, एवढं धरायला आधार आहे.

त्यानंतरचे 'लुनया कचली' हे शब्द जसेच्या तसे ठेवतो, आणि शेवटी एकटा 'ज' उरतो. दान मोडणाऱ्याला शाप देणारं वाक्य 'जो कोणी' असं सुरू होतं, त्यामुळे हा 'ज' तिथेच ओढायचा मोह होतो. पण एका अक्षरावर शाप उभा राहत नाही. तिथे टिंबंच राहतील. पुढच्या वेळी उजेड याच ओळीवर डावीकडून आणि खालून पाडायचा आहे.