पोस्टरवर न पोचलेलं

सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाची साल फुकट मिळते आणि यंत्रमागांच्या शहरात रंगाचं पाणी सगळ्यांच्या ओळखीचं. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि विद्यापीठही तिथेच. त्यामुळे सालीच्या भुकटीने पाण्यातला मिथिलीन ब्लू हा रंग शोषून घ्यायचा, हा इथल्या विद्यार्थ्याला सुचण्याजोगा प्रकल्प. त्याचा अहवाल जाडजूड होतो. ‘आविष्कार’सारख्या स्पर्धेसाठी किंवा परिषदेसाठी तोच अहवाल एका पोस्टरवर उतरवायचा असतो. उतरवताना काय काय गळतं, त्याची ही टिपणं.

प्रमाणपत्राचं पान, अनुक्रमणिका, लांबलचक ऋणनिर्देश. हे आधी जातं आणि जावंच. आभाराची एक ओळ खाली कोपऱ्यात पुरते.

प्रस्तावनेची पानं. जलप्रदूषणाचा इतिहास, रंगांचे प्रकार, आधी कोणी काय केलं. पोस्टरपुढे माणूस उभा राहतो तो दोन-चार मिनिटं, तेही मागे गर्दी असताना. त्याच्यासाठी फक्त प्रश्न उरतो: वाळवलेली साल हा रंग किती आणि किती वेळात शोषते? ए-शून्य आकाराचा कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा. एवढा मोठा कागद पाहिला की सगळं मावेल असं वाटतं. मावतंही, पण वाचलं जात नाही. साडेतीनशे-चारशे शब्दांच्या पुढे गेलं की अक्षर बारीक करावं लागतं, आणि मजकुराचं अक्षर २४ पॉइंटच्या खाली गेलं की चार-पाच फुटांवरून दिसेनासं होतं.

साहित्याची यादी. बीकर, पिपेट, वजनकाटा. गेली तरी चालते.

कृतीची पानं. ‘साल धुतली, वाळवली, दळली, चाळली’ हे चार चित्रांच्या एका पट्टीत बसतं. इथे मात्र हात आखडावा, कारण कृतीत काही शब्द असे असतात की ते गळले तर निकालच संशयास्पद होतो. ठरावीक वेळाने नमुना काढला की त्यातली भुकटी वेगळी करावी लागते. ती साध्या गाळणकागदातून गाळली तर कागदाचा सेल्युलोजही मिथिलीन ब्लू धरून ठेवतो. गाळलेलं पाणी अधिक फिकं येतं आणि कागदाने शोषलेला रंग सालीच्या खात्यावर जमा होतो. ‘सेंट्रिफ्यूज करून वेगळं केलं’ एवढंच चित्राखाली असलं, तर जाणत्या परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथेच मिटतो. दुसरी अशीच गोष्ट म्हणजे कोरा नमुना. डाळिंबाची साल स्वतःच पाण्यात तपकिरी रंग सोडते. म्हणून साध्या पाण्यात तेवढीच भुकटी घालून त्याचंही वाचन घ्यावं लागतं. अहवालात हे कुठेतरी मधल्या पानावर असतं आणि पोस्टर करताना सहज सांडतं.

निरीक्षण तक्ता. सात वेळा, प्रत्येक वेळेची तीन वाचनं, म्हणजे एकवीस आकडे. पोस्टरवर त्यांची एक वक्ररेषा होते. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर एक ग्रॅम सालीने शोषलेला रंग मिलिग्रॅममध्ये. रेषा आधी झपाट्याने चढते, मग सपाट होते, आणि ती कुठे सपाट होते हेच बघणाऱ्याला हवं असतं. तीन वाचनांतला फरक प्रत्येक बिंदूवरच्या उभ्या दांडीत राहतो. ही दांडी ‘आकृती गचाळ दिसते’ म्हणून पुसून टाकतात. तसं करू नये. प्रयोग पुन्हा केला होता याची पोस्टरवर तेवढीच खूण असते.

गणनाची पानं. यातलं एक उदाहरण मात्र नीट बघावं. समजा, लिटरला ५० मिलिग्रॅम रंग असलेलं १०० मिलिलिटर पाणी घेतलं, त्यात ०.२ ग्रॅम भुकटी घातली, आणि शेवटी लिटरला ८ मिलिग्रॅम रंग उरला. लिटरमागे ४२ कमी झाला, म्हणजे १०० मिलिलिटरमधून ४.२ मिलिग्रॅम. भागिले ०.२, म्हणजे ग्रॅमला २१ मिलिग्रॅम. टक्क्यांत तोच निकाल ८४. विद्यार्थ्याला मथळ्यात ८४ टक्के हवे असतात, कारण ते मोठे दिसतात. पण भुकटी दुप्पट केली की टक्के वाढतात आणि ग्रॅममागचं शोषण मात्र घटतं. भुकटी किती, पाणी किती, सुरुवातीला रंग किती हे सांगितल्याशिवाय नुसत्या ८४ला अर्थ नाही. पोस्टरवर २१ लिहावं. ८४ लिहायचेच असतील तर त्या तिन्ही आकड्यांसह.

ग्राफ पेपर आणि त्यावर पेन्सिलीने ओढलेली रेषा. आता आलेख एक्सेलमधून येतो आणि सोबत त्याच्या सवयीही येतात: आडव्या जाळीच्या रेघा, बाजूला रंगांची सूची, नको तेवढे दशांश. रेघा काढाव्यात. सूची काढून प्रत्येक रेषेच्या टोकाशीच तिचं नाव लिहावं, म्हणजे नजर इकडून तिकडे फिरत नाही. लाल आणि हिरव्या रेषेतला फरक काही पुरुषांना दिसतच नाही, म्हणून एकीवर गोल, दुसरीवर त्रिकोण. आलेखाचा स्क्रीनशॉट घेऊन तो मोठा केला तर अक्षांवरचे आकडे फुटतात. आलेख मूळ फाइलमधून पीडीएफ करूनच उचलावा.

चार्ट पेपर, स्केच पेन, टाचण्या, ए-चारच्या पंधरा-सोळा कागदांचं पोस्टर. हे जवळजवळ गेलंच. त्यात एक सोय होती, जी मला अजून मोलाची वाटते: चुकलेला एक कागद काढून दुसरा लावता यायचा. फ्लेक्स एकदा छापला की चूक तशीच टांगली जाते. आणि नेमकी चूक होते ती दुकानात फाइल उघडताना. मायक्रोचं चिन्ह `µ` जुन्या सिम्बॉल फाँटमध्ये टाइप केलेलं असेल आणि दुकानातल्या संगणकावर तो फाँट नसेल, तर तिथे `m` उमटतो. `µg` चं `mg` होतं. आकडा तोच राहतो, एकक हजारपट मोठं होतं, आणि दिसायला सगळं जागच्या जागी. मराठी पोस्टरवर जोडाक्षरं तुटलेली लगेच दिसतात. हे दिसत नाही. दुकानात पीडीएफच न्यावी, फाँट आत बसवून, आणि छापण्यापूर्वी पडद्यावर सगळी एककं एकदा बोट ठेवून वाचावीत.

शेवटी मर्यादांचा परिच्छेद. अहवालात तो शेवटून दुसऱ्या पानावर असतो आणि जागा कमी पडली की हाच जातो. माझं भांडण याच्यासाठी आहे. मिथिलीन ब्लू हा धनभारित रंग, प्रयोगशाळेत मोजायला सोपा, ६६४ नॅनोमीटरवर छान वाचता येतो. सुती टॉवेल रंगवायला वापरतात ते रिअॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, आणि त्यांच्या सांडपाण्यात भरपूर मीठ आणि अल्कली असते. जी साल पहिल्याला ओढते ती दुसऱ्याला तशी ओढेलच असं नाही. तरी मथळा होतो ‘सोलापूरच्या कापड उद्योगातील सांडपाण्याचे शुद्धीकरण’. २०१९ साली माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने सुचवलं, की पोस्टरच्या मधोमध मुख्य निष्कर्ष एकाच मोठ्या वाक्यात लिहावा. सूचना चांगली आहे, आणि म्हणूनच त्या एका वाक्यावर जबाबदारी येते. इथे ते वाक्य असं होईल: ‘डाळिंबाच्या सालीची भुकटी शुद्ध पाण्यातला मिथिलीन ब्लू ग्रॅमला २१ मिलिग्रॅमपर्यंत शोषते, कारखान्याच्या पाण्यावर चाचणी अजून केलेली नाही.’ दुसरा अर्धा भागही पहिल्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापावा.