गुरुवारी रात्री बारापासून

शहापूर-आसनगावकडच्या सोसायट्यांमध्ये हल्ली नोटीस बोर्डापेक्षा मोबाइलवरचा चेअरमनचा आवाज आधी पोचतो. नमस्कार झाला की चेअरमन थेट मुद्द्यावर येतात : "गुरुवारी रात्री बारापासून शुक्रवारी रात्री बारापर्यंत पाणी येणार नाही. मुख्य जलवाहिनीचं काम आहे."

हा निरोप ज्या मातीत घुमतो, तिथे तो कानाला बोचतो. याच तालुक्यातलं तानसा 1892 पासून मुंबईची तहान भागवतंय, भातसाही तेच करतं. शेजारी मुरबाडात बारवीचा जलाशय पसरलाय, त्याचं पाणी खाली शहरांकडे जातं. आणि उन्हाळा लागला की धरणांच्या आसपासच्याच पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे लावून बसतात. सोसायटीतल्या माणसाला निदान वार आणि वेळ कळते. पाड्यावर तेवढंही हातात नसतं.

म्हणून निरोप नेमका हवा. त्यात "उद्या" म्हणणं घातक. निरोप पुढे जात राहतो, कुणी दुसऱ्या दिवशी ऐकतो आणि त्याचा उद्या एक दिवस पुढे सरकतो. "रात्री बारा"चाही असाच गोंधळ. जाणता चेअरमन तारीख सांगतो आणि वर जोडतो, "म्हणजे गुरुवारी रात्री झोपताना भरून ठेवा, शुक्रवारी दिवसभर नळ कोरडे."

खरी मेख मात्र भरून ठेवण्यातच आहे. समजा, 24 बिऱ्हाडं, घरटी चार माणसं. माणशी रोज 135 लिटर हे शहरी मोजमाप धरलं तर दिवसाला सुमारे 13,000 लिटर लागतात. गच्चीवर 10,000 लिटरची टाकी आणि खाली 15,000 लिटरचा हौद असेल, तर दोन्ही भरलेले असताना एक दिवस सहज निभतो. पण निरोप ऐकताच प्रत्येक घराने पिंपं-बादल्यांत 200 लिटर जादा भरलं, की तासाभरात 4,800 लिटर उतरतात, गच्चीची टाकी अर्ध्यावर येते. तळमजल्याची पिंपं काठोकाठ, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर नळाला नुसती करंगळीएवढी धार. पाणी संपलेलं नसतं, वाटणी बिघडलेली असते. एवढ्यासाठी निरोपात हे यायलाच हवं : "वरचे मजले सातपर्यंत भरतील, खालचे त्यानंतर. शेवटची मोटर अकराला लागेल, वॉचमनला सांगितलंय."

दुसरा निरोप शनिवारी सकाळी, आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो. रिकाम्या वाहिनीत हवा शिरलेली असते, तळाचा गाळ सुटलेला असतो. "पहिलं पाणी गढूळ येईल, ते कुंड्यांना घाला. दाब कमी असेल. हौदात पुरेसं साठेपर्यंत मोटर लावायची नाही, कोरडी फिरली तर सील जळतं, आणि मग नळाला पाणी असूनही गच्चीवर चढणार नाही."